पावले मैत्रिणींना, वाट आपल्यापुरती

*मी 41 वर्षांची असून कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते आणि एका सहकारी बँकेत नोकरी करते. रोज पहाटे रंकाळ्यावर जाते, थोडी चालते, थोडी धावते. गेल्या महिन्यात कॉलेजच्या मैत्रिणींनी घड्याळाच्या अ‍ॅपवर आठवड्याची पावलांची स्पर्धा सुरू केली. मीही सामील झाले आणि सेटिंगमध्ये जाऊन माझे व्यायाम फक्त मलाच दिसतील असे करून ठेवले. तरीही परवा रंकाळ्यावर नुसत्या तोंडओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "काल तुमची फेरी दोन मिनिटे लवकर झाली, घरापासूनच पळत निघालात वाटते." मी हादरलेच. त्यांचा आमच्या स्पर्धेशी काही संबंध नाही. दोन वर्षांपूर्वी एका मॅरेथॉनच्या सरावासाठी धावण्याचे आणखी एक अ‍ॅप घेतले होते, पण ते आता मी उघडतही नाही. स्पर्धा सोडून द्यावी का? शिवाय माझी नणंद तिच्या ऑफिसातल्या लोकांनाही स्पर्धेत घ्या म्हणते. तिला काय सांगू?*

*– एक वाचक, शिवाजी पेठ*

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

स्पर्धा सोडू नका, कारण ही माहिती स्पर्धेतून बाहेर गेलेलीच नाही. त्या गृहस्थांचे वाक्य पुन्हा एकदा शांतपणे वाचा. त्यांना तुमच्या फेरीचा वेळ ठाऊक होता आणि तुम्ही कोठून निघालात हेही ठाऊक होते. पावलांच्या स्पर्धेच्या यादीत या दोन्हींपैकी एकही गोष्ट नसते. तेथे केवळ नाव, फोटो आणि पावलांची एकूण संख्या असते. फेरी किती मिनिटांत झाली हे कळण्यासाठी नकाशासह नोंदवलेला व्यायाम कोणाच्या तरी डोळ्यांपुढे यावा लागतो. तो तुम्ही घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये झाकून ठेवला आहे, म्हणजे तो दुसरीकडे कोठेतरी उघडा आहे, आणि ते दुसरे ठिकाण म्हणजे तुम्ही उघडत नसलेले अ‍ॅप असावे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. आपण एखादे अ‍ॅप उघडत नाही, याचा अर्थ ते काम करत नाही असा होत नाही.

येथे एक भेद समजून घेतला की पुढचे सगळे सोपे होते. मनगटावरचे घड्याळ दोन वेगवेगळ्या वह्या लिहीत असते. पहिली वही दिवसभराच्या पावलांची. हाताच्या हालचालींवरून घड्याळ पावले मोजते, आणि त्यासाठी तुम्हाला कोणतेही बटण दाबावे लागत नाही. बँकेत काउंटरपासून तिजोरीपर्यंत केलेल्या खेपाही तिच्यात जमा होतात. दुसरी वही व्यायामाची. पहाटे तुम्ही धावण्याचा पर्याय निवडून सुरुवातीचे बटण दाबता, त्या क्षणापासून ते थांबवेपर्यंत घड्याळ उपग्रहांच्या साहाय्याने तुमचे स्थान आणि वेग, आणि त्याबरोबरच वेळ व हृदयाचे ठोके टिपत राहते. पावलांची स्पर्धा पहिल्या वहीवर चालते. नकाशा फक्त दुसऱ्या वहीत असतो. म्हणून दुसरी वही कडीकुलपात ठेवूनही पहिल्या वहीच्या बळावर मैत्रिणींशी खुशाल चढाओढ करता येते, आणि त्यात तुमचे एक पाऊलही कमी धरले जात नाही.

तुम्ही दोन्ही अ‍ॅपची नावे लिहिलेली नाहीत, म्हणून मी घड्याळाचे अ‍ॅप गार्मिन कनेक्ट आणि धावण्याचे अ‍ॅप स्ट्राव्हा आहे असे धरून चालते, कारण हौशी धावपटूंमध्ये ही जोडी नेहमी दिसते. तुमची अ‍ॅप वेगळी असली तर मेनूतील नावे थोडी बदलतील, पण माहितीच्या प्रवासाचा मार्ग हाच असेल.

मॅरेथॉनच्या सरावाच्या दिवसांत तुम्ही ही दोन अ‍ॅप एकमेकांना जोडली असणार. ती परवानगी एकदाच द्यावी लागते आणि आपण काढून घेईपर्यंत ती टिकते. तेव्हापासून तुम्ही रंकाळ्यावरून परत येऊन घड्याळ फोनशी जुळले, की प्रत्येक व्यायामाची एक प्रत आपोआप स्ट्राव्हाकडे जात आली आहे. तुमची गफलत झाली ती येथेच, आणि ती कोणाचीही होईल अशी आहे: गार्मिन कनेक्टमध्ये तुम्ही 'Only Me' निवडलेत, पण ती निवड प्रतीबरोबर प्रवास करत नाही. व्यायाम स्ट्राव्हामध्ये पोहोचला की त्याला स्ट्राव्हामधील तुमची ठरलेली निवड लागू होते, आणि प्रौढ व्यक्तीने खाते उघडल्यावर काहीच बदलले नाही तर ती 'Everyone' अशी असते. एका घराच्या पुढच्या दाराला कुलूप घालून मागचे दार सताड उघडे ठेवावे, तसे हे झाले.

आता त्या गृहस्थांनी तुम्हाला हुडकले कसे, याचे बहुधा अगदी साधे उत्तर आहे. स्ट्राव्हामध्ये रस्त्याच्या ठरावीक तुकड्याला सेगमेंट म्हणतात. कोणीही वापरकर्ता असा तुकडा आखू शकतो, आणि रंकाळ्यासारख्या धावणाऱ्यांच्या आवडत्या जागी तो कोणी आखला नसेल तरच नवल. त्या तुकड्यावरून धावणाऱ्या ज्यांचा व्यायाम सर्वांसाठी खुला असतो, त्या सर्वांची वेळेनुसार क्रमवारी लागते. ते गृहस्थ स्वतः तेथे धावत असतील तर आपला क्रमांक पाहताना त्यांना त्याच यादीत तुमचे नाव, फोटो, तारीख आणि वेळ दिसली असणार. नावावर बोट ठेवले की तो व्यायाम उघडतो आणि नकाशावरची रेघ तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सुरू झालेली दिसते. त्यांनी मुद्दाम पाळत ठेवली असेलच असे नाही. परंतु हेतू कसाही असो, एका अनोळखी माणसाला तुमचे दार आणि तुमची निघण्याची वेळ या दोन्ही गोष्टी एकत्र ठाऊक असणे मला मुळीच पसंत नाही.

म्हणून आजच संध्याकाळी अर्धा तास काढून बसा. पुढील कामे ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने करा, कारण बहुतेक लोक अगोदर दोन अ‍ॅपमधील जोडणी तोडतात, काम झाले असे समजतात, आणि गेल्या दोन वर्षांतले शेकडो नकाशे तसेच उघडे राहतात. जोडणी तोडल्याने नव्या प्रती जायच्या थांबतात. गेलेल्या प्रती परत येत नाहीत.

प्रथम स्ट्राव्हाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'Privacy Controls' उघडा आणि तेथील 'Activities' या ओळीत 'Only You' निवडा. मधला पर्याय 'Followers' असा आहे, आणि तो पुरेसा आहे असे पुष्कळांना वाटते. त्यात एक मेख आहे. त्याच पडद्यावर 'Profile Page' ही वेगळी ओळ असते. ती 'Everyone' वर असेल तर कोणीही तुमची परवानगी न घेता तुमचा अनुयायी होऊ शकतो, म्हणजे व्यायाम अनुयायांपुरते ठेवूनही ज्याला पाहायचे आहे तो एक बटण दाबून आत येतो. प्रोफाइलची ओळ 'Followers' वर आणली, की मात्र प्रत्येक नव्या माणसाला तुमच्याकडे विनंती पाठवावी लागते. दोन्ही ओळी बदला, आणि आजवर कोण कोण अनुयायी झाले आहेत ती यादीही वाचून काढा. नको असलेली माणसे तेथून काढता येतात आणि तसे केल्याची वर्दी त्यांना जात नाही.

यानंतर जुन्या नोंदी. आत्ता केलेली निवड फक्त पुढच्या व्यायामांना लागू होईल, मागच्यांना नाही. मागचे सगळे एकदम झाकण्यासाठी 'Privacy Controls' मध्येच 'Edit Past Activities' ही सोय आहे. ती संगणकावरून, संकेतस्थळ उघडून वापरावी हे सोयीचे. मॅरेथॉनच्या दिवसाची धाव तेवढी उघडी ठेवायची असेल तर अगोदर सर्व झाका आणि मग ती एकच नोंद हाताने उघडा. उलट्या क्रमाने केलेत तर तीही झाकली जाईल. गार्मिन कनेक्टमध्येही हाच नियम ध्यानात ठेवा. तुम्ही गेल्या महिन्यात 'Only Me' केलेत, पण त्याआधीच्या नोंदी ज्या निवडीखाली साठवल्या गेल्या होत्या त्याच निवडीखाली राहिल्या आहेत. आता मैत्रिणी तुमच्या कनेक्शनच्या यादीत आल्यामुळे त्यातल्या काही नोंदी त्यांना दिसत असू शकतात. मैत्रिणींची भीती नाही हे मला मान्य आहे, परंतु काय दाखवायचे ते तुम्ही ठरवलेले असावे, आपोआप ठरलेले नसावे.

जोडणी शेवटी तोडा. स्ट्राव्हाच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या अ‍ॅपची आणि उपकरणांची यादी असते, आणि गार्मिन कनेक्टमध्येही भागीदार अ‍ॅपची तशीच यादी असते, दोन्हीकडे पाहा. त्या यादीत कधीकाळी बक्षिसाच्या किंवा सवलतीच्या आशेने जोडलेले आणखी एखादे अ‍ॅप निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. वजन कमी करण्याची अ‍ॅप आणि विम्याच्या हप्त्यात सूट देणारी अ‍ॅप अशाच वाटेने आत आलेली असतात. शिवाय अँड्रॉइड फोनवर हेल्थ कनेक्ट आणि आयफोनवर हेल्थ नावाचे एक सामाईक कोठार असते, ज्यातून कोणते अ‍ॅप काय वाचू शकते हे वेगळे ठरवता येते. तेथे पावले वाचण्याची परवानगी एक आणि व्यायामाचा मार्ग वाचण्याची परवानगी दुसरी असते. ज्या अ‍ॅपला पावलेच हवी आहेत त्याला पावलांवरच थांबवावे.

स्ट्राव्हाचे खाते तुम्हाला पुन्हा कधीच लागणार नसेल, तर ते कायमचे बंद करणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. त्याआधी आपल्या नोंदींची एक प्रत उतरवून घ्या. मूळ नोंदी घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये राहतातच, त्यामुळे दोन वर्षांचा सराव पुसला जाईल ही धास्ती बाळगू नका.

परंतु समजा पुढच्या वर्षी पुन्हा मॅरेथॉन करावीशी वाटली, धावणाऱ्या गटात नोंदी दाखवाव्याशा वाटल्या, तर काय? तेव्हा 'Map Visibility' ही सोय कामी येते. तिच्यामुळे एका पत्त्याभोवतीचा नकाशाचा भाग इतरांपासून लपतो, आणि लपवायचे अंतर 200 मीटरपासून 1600 मीटरपर्यंत निवडता येते. लोक येथे 200 किंवा 400 मीटर निवडून निर्धास्त होतात, आणि पेठेत राहणाऱ्या माणसाने नेमके तेच करू नये असे माझे मत आहे. का ते एका उदाहरणाने सांगते.

धरून चालू की तुमच्या घरापासून रंकाळ्याच्या काठापर्यंतचे अंतर साधारण 700 मीटर आहे आणि तुम्ही 400 मीटरचा भाग लपवला आहे. नकाशावर तुमची रेघ घरापासून थोड्या अंतरावर, रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मध्येच अचानक सुरू होईल आणि तेथेच संपेल. व्यायामाच्या खाली एकूण अंतर 5.4 किलोमीटर लिहिलेले आहे, पण दिसणारी रेघ मोजली तर ती 4.6 किलोमीटरच भरते. म्हणजे 800 मीटर लपले आहेत, जाताना 400 आणि येताना 400. आता एखाद्या रविवारी तुम्ही महाद्वार रोडच्या दिशेने गेलात आणि दुसऱ्या दिवशी गंगावेशीकडे, तर त्या रेघा आणखी दोन ठिकाणी तुटलेल्या दिसतील. ही तुटलेली टोके एका वर्तुळाच्या कडेवर बसतात, आणि तीन टोकांवरून ते वर्तुळ ओळखणे शाळेतल्या भूमितीइतके सोपे आहे. घराचा क्रमांक नसेल कळत, पण तालमीच्या कोणत्या बाजूच्या कोणत्या गल्लीत शोधायचे हे कळते, आणि पेठेत तेवढे पुरते. पुढचे काम पानपट्टीवर विचारून होते. धावण्याच्या अ‍ॅपमधील अशी लपवाछपवी कशी उलगडता येते यावर संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांनी 2018 सालीच शोधनिबंध लिहिलेला आहे, त्यामुळे ही माझी कल्पनेची भरारी नव्हे.

याच्या उलट तुम्ही 1000 मीटर निवडलेत, तर वर्तुळाची कड रंकाळ्याच्या काठावर येईल. रेघ तेथे सुरू होईल जेथे पहाटे शेकडो माणसांच्या रेघा सुरू होतात, आणि तुम्ही शिवाजी पेठेतून आलात, फुलेवाडीकडून आलात की गाडी लावून उतरलात, हे त्या नकाशावरून सांगता येणार नाही. तेव्हा आकडा ठरवताना घराकडे पाहू नये; कड गर्दीच्या जागी पडते की नाही ते पाहावे. आणखी सोपा उपाय हवा असेल तर सुरुवातीचे बटण घराच्या उंबऱ्यावर दाबू नका. काठावर पोहोचून, दोन मिनिटे अंग मोकळे करून मग दाबा, आणि परत निघण्यापूर्वी थांबवा. घरापासून काठापर्यंतची पावले पहिल्या वहीत जमा होतातच, त्यामुळे मैत्रिणींच्या स्पर्धेत त्याने काहीही बिघडत नाही. एक माणूस साधारण 1300 ते 1400 पावलांत एक किलोमीटर चालतो, हे लक्षात घेतले तर त्या जाण्यायेण्याची दोन हजारांच्या आसपास पावले तुम्हाला नकाशाशिवाय मिळतील.

हे सर्व करूनही तुमचा नकाशा दुसऱ्याच्या हातून बाहेर पडू शकतो, ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. एखादी मैत्रीण तुम्हाला घेण्यासाठी दाराशी येत असेल, तेथेच आपले घड्याळ सुरू करत असेल आणि तिचा व्यायाम सर्वांसाठी खुला असेल, तर तिच्या नकाशावर तुमचे दार आहे. तिला एवढेच सांगा की बटण काठावर दाबत जा. अशीच गोष्ट पडद्याच्या छायाचित्रांची. पदकाबरोबर नकाशाही दिसणारे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावले, की अ‍ॅपमधल्या सगळ्या निवडी निरर्थक ठरतात.

माणसांच्या सवयी उघड होणे हाच या नकाशांचा खरा धोका आहे. जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघांमुळे लष्करी तळांच्या जागा ओळखू आल्या होत्या, आणि 2024 मध्ये एका फ्रेंच दैनिकाने राष्ट्रप्रमुखांच्या अंगरक्षकांचे उघडे व्यायाम पाहून त्या नेत्यांच्या मुक्कामाच्या जागा शोधून दाखवल्या. त्या अंगरक्षकांनी कोणतेही गुपित कोणाला सांगितले नव्हते. ते सकाळी धावायला गेले, एवढेच.

आता मैत्रिणींच्या स्पर्धेकडे येते. व्यायाम झाकलेला असला तरी पावलांची संख्याही थोडेफार बोलतेच. घड्याळ फोनशी जुळले की यादीतला तुमचा आकडा पुढे सरकतो. एखादीने सव्वापाचला यादी पाहिली तेव्हा 40 पावले होती आणि साडेसहाला सात हजार झाली, तर तुम्ही त्या वेळात बाहेर होतात हे तिला कळते, आणि आठवडाभर तसेच दिसले तर तुमचे वेळापत्रकच तयार होते. कॉलेजच्या मैत्रिणींबाबत याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु स्पर्धेत परकी माणसे येणार असतील, तर फोनवरील ब्लूटूथ सकाळी बंद ठेवून रात्री एकदाच घड्याळ जुळवावे. दिवसाची सगळी पावले एकदम यादीत येतील आणि ती केव्हा चालली हे कोणाला सांगता येणार नाही. फक्त स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपूर्वी आठवणीने जुळवा, नाहीतर तुमच्या घामाची पावले घड्याळातच राहतील आणि दुसरीच पहिली येईल.

तुमच्या नणंदेचा प्रश्न यातूनच सुटतो. स्पर्धेत जे जे सामील असतात त्यांना सहभागींची नावे, फोटो आणि आकडे दिसतात, आणि त्यासाठी ते प्रत्येकाचे ओळखीचे असावे लागत नाही. म्हणजे वन्संच्या ऑफिसातले आठदहा जण आले की तुमच्याबरोबरच तुमच्या इतर मैत्रिणींचीही नावे त्यांच्यापुढे जातील. हा निर्णय तुम्ही एकटीने घ्यायचाच नाही, आणि तेच सांगणे सर्वांत सोपे आहे. "वन्सं, या गटात आम्ही सगळ्या एकमेकींना ओळखतो, म्हणून बाहेरच्या कोणाला घ्यायचे नाही असे सगळ्यांनी मिळून ठरवले आहे, तुमच्या ऑफिसची वेगळी स्पर्धा काढा, मी तुम्हाला ती कशी सुरू करायची ते दाखवते," असे म्हणा आणि खरोखर दाखवा. स्पर्धा सुरू करताना खेळाचा प्रकार पावले ठेवायचा, मुदत ठरवायची आणि आपल्या कनेक्शनमधून माणसे निवडायची, इतकेच ते काम आहे. त्यांच्या स्पर्धेत तुम्हालाही ओढले, आणि नात्यात ते टाळणे अवघड गेले, तर सामील होण्यापूर्वी अ‍ॅपमधील आपले दर्शनी नाव पहिल्या नावापुरते करा आणि फोटोच्या जागी रंकाळ्याचे पाणी किंवा घरातली तुळस लावा. गार्मिन कनेक्टमध्ये 'Profile' ही ओळ मात्र 'My Connections' वर ठेवा; ती पूर्ण बंद केली तर मैत्रिणींनाच तुम्ही सापडेनाशा व्हाल.

जाता जाता, मैत्रिणींपैकी कोणी दुचाकीवरून खड्ड्यांतून जाताना वाढलेली पावलेही आपल्या खाती धरते असा संशय तुम्हाला कधीतरी येईलच. येऊ द्या. घड्याळे असे धक्के बरेचसे गाळतात, सगळे नाही. आणि याउलट बाजारात ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून चाललेली पावले कमी मोजली जातात. हिशेब आठवडाभरात बराचसा फिटतो.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते, कारण पहाटे एकट्या बाहेर पडणाऱ्या अनेकींच्या घड्याळात ती असते. व्यायाम सुरू होताच घरच्यांना थेट स्थानाचा दुवा पाठवणारी 'LiveTrack' नावाची सोय तुम्ही चालू केलेली आहे का? असल्यास ती बंद करू नका, आणि ती फोनच्या ब्लूटूथवर चालत असल्याने सकाळी ब्लूटूथ बंद ठेवण्याचा वरचा उपाय मग सोडून द्या. व्यायाम झाकण्याशी तिचा संबंध नाही, आणि तुम्ही कोठे आहात हे यजमानांना कळत राहणे चांगलेच आहे. मात्र तो दुवा ज्याच्या हाती असेल त्याला तो उघडता येतो, म्हणून मॅरेथॉनच्या दिवशी कौतुकाने पाहता यावे म्हणून जोडलेली जुनी नावे त्यात राहिली आहेत का ते तपासा, आणि आता घरच्या एकदोघांपुरतीच यादी ठेवा.

त्या गृहस्थांशी वाद घालण्याचे कारण मला आज दिसत नाही. नकाशे बंद झाले की त्यांची माहितीही बंद होईल, आणि स्ट्राव्हामध्ये त्यांचे खाते सापडले तर ते ब्लॉक करून ठेवावे. मग त्यांना तुमचे खाते पाहता येत नाही आणि अनुयायीही होता येत नाही. परंतु त्यानंतरही त्यांनी वाटेत थांबून तुमच्या येण्याजाण्याविषयी बोलणे चालू ठेवले, निघण्याच्या वेळी ते गल्लीच्या तोंडाशी उभे दिसू लागले किंवा दुसऱ्या खात्याने तुमच्या मागे लागले, तर ते कुतूहल राहत नाही. नकार स्पष्ट दिल्यानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे, तसेच तिच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. तारीख, वेळ आणि त्यांचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा, पडद्यावर काही दिसले तर त्याचे छायाचित्र ठेवा, घरी सांगा आणि पोलीस ठाण्यात जा. ऐन वेळी भीती वाटली तर 112.

बदल केल्यावर ते लागू झाले की नाही हे मात्र अंदाजावर सोडू नका. उद्या पहाटे रंकाळ्याच्या काठावर पाच मिनिटांचा एक छोटा व्यायाम नोंदवा, घड्याळ फोनशी जुळवा आणि घरातील ज्या कोणाचे स्ट्राव्हावर खाते आहे पण जो तुमचा अनुयायी नाही, अशा एखाद्या भाच्याच्या फोनवर तुमचे नाव शोधायला सांगा. त्याला उद्याची नोंद दिसता कामा नये, आणि दोन वर्षांपूर्वीचीही दिसता कामा नये. उद्याची दिसली तर जोडणी अजून चालू आहे आणि 'Activities' ची निवडही जतन झालेली नाही. उद्याची दिसत नाही पण जुन्या दिसतात, तर मागच्या नोंदी झाकायच्या राहिल्या आहेत. त्याच वेळी एका मैत्रिणीला फोन करून स्पर्धेच्या यादीत तुमची पावले वाढली का ते विचारा. तिला आकडा दिसला आणि भाच्याला काहीच दिसले नाही, की परवापासून बटण दाबून खुशाल धावा.

तुमची,
सल्लागार ताई